पाया पडू नकोस, डोकं धर

संध्याकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. कर्वेनगरातल्या एका इमारतीच्या तळघरात उतरते आहे. पायऱ्यांवर चपला-बुटांचा ढीग, मग एसीची गार हवा, आणि त्याहून आधी कानावर आदळणारी आरोळी : "अरे पाया काय पडतोस त्याच्या! डोकं धर, डोकं!"

मी दचकते. माझी भाची हसते. "मावशी, घाबरू नकोस. भांडण नाही, मॅच आहे."

आत बारा कॉम्प्युटर दोन रांगांत समोरासमोर मांडलेत. तासाला साठ रुपये. मालक काउंटरवर वडापाव खातोय आणि एक डोळा कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठेवून आहे. दोन्ही रांगांत पाच-पाच पोरं बसली आहेत. इकडचे पाच एका इंजिनिअरिंग कॉलेजातले, तिकडचे पाच पेठेतले, एकाच गणेश मंडळाचे. दर शनिवारी यांची मॅच ठरलेली असते आणि हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ द्यायची असते. खेळ व्हॅलोरंट. पाच विरुद्ध पाच. एका बाजूने 'स्पाइक' नावाचा बॉम्ब ठरावीक जागेत नेऊन लावायचा, दुसऱ्या बाजूने तो लावू द्यायचा नाही, लावलाच तर निकामी करायचा. शंभर सेकंदांचा एक राउंड. जो आधी तेरा राउंड जिंकेल त्याची मॅच.

पाया पडण्याचं कोडं भाचीच सोडवते. खेळात पूर्ण तब्येत शंभर आणि जाड चिलखत घेतलं तर वर पन्नास, म्हणजे दीडशे. व्हँडल नावाच्या बंदुकीची एक गोळी डोक्यात लागली की एकशे साठ जातात, गडी जागेवर आडवा. तीच गोळी अंगात लागली तर चाळीस आणि पायात लागली तर फक्त चौतीस. समोरच्या रांगेतला टोपीवाला गेल्या तीन राउंडांत सारखा पायांवर गोळ्या घालतोय. म्हणून तो 'पाया पडतोय'.

टोपीवाला कच्चा नाही. तो खुर्चीतून न हलता ओरडतो, "मोठ्यांच्या पाया पडायची आमच्याकडे पद्धत आहे. तुम्ही कॉलेजवाले, तुम्हाला काय संस्कार!"

इकडचा चष्मेवाला : "संस्कार राहू दे, तुझा नेम पीएमपीएमएलसारखा आहे. थांब्यावर थांबतच नाही."

सगळी रांग हसते, समोरचीही हसते. टोपीवाला सगळ्यात मोठ्याने हसतो आणि पुढच्याच राउंडला चष्मेवाल्याला भिंतीआडून बाहेर येताक्षणी डोक्यात एक गोळी घालतो. एकच. "थांबली का बस? उतरा आता." चष्मेवाला माउसवरचा हात काढून दोन्ही हात वर करतो. "मानलं! काय मारलंस रे." आता पुढची पाच मिनिटं पीएमपीएमएलचं नाव निघत नाही. निघूच शकत नाही. नेम बसला, त्यामुळे तो टोमणा मेला.

मी हे वहीत टिपून घेते, कारण नंतर याची गरज पडणार आहे असं भाचीने येतानाच सांगितलंय. "आधी हे बघ," ती म्हणाली होती, "मग मी तुला दुसरं दाखवते."

मॅपचं नाव बाइंड. त्यातल्या एका खोलीला सगळे 'हुक्का' म्हणतात, आणि इतक्या गंभीरपणे "दोन हुक्क्यात, दोन हुक्क्यात" असं ओरडतात की काउंटरवरचा मालकही हसतो. स्कोअर नऊ-नऊ. राउंड असा येतो की पेठेचे चौघं मेलेत, उरलाय एकटा टोपीवाला. समोर दोन जण जिवंत. स्पाइक लागलेली आहे. ती लागल्यापासून पंचेचाळीस सेकंदांत फुटते आणि निकामी करायला सात सेकंद लागतात. एकट्याने असा राउंड ओढून काढण्याला 'क्लच' म्हणतात.

आणि इथे मला एक गोष्ट दिसते जी मी अपेक्षिली नव्हती. पेठेची सगळी रांग एकदम गप्प होते. मेलेले चौघं खुर्चीत मागे सरकतात. एकजण बोलायला तोंड उघडतो तर शेजारचा त्याच्या मांडीवर चापट मारतो : "श्श!" कारण या क्षणी टोपीवाल्याला पावलांचा आवाज ऐकू यायला हवा. कोण कुठून येतंय ते हेडफोनमधूनच कळतं. स्पाइकला हात लावल्याचा आवाजही बारीक असतो. समोरची रांग मात्र हक्काने गोंगाट करते, टेबलं बडवते, "पाया पड, पाया पड" म्हणते. ते प्रतिस्पर्धी आहेत, त्यांचं कामच ते. पण आपल्या माणसांनी क्लचला गप्प राहायचं.

टोपीवाला एक मारतो, दुसरा त्याला मारतो. चष्मेवाला खेळातला आपला गडी त्याच्या प्रेतावर नेऊन उठाबशा काढायला लावतो. हा या खेळातला सगळ्यात जुना अपमान. टोपीवाला म्हणतो, "काढ, काढ. शाळेत मास्तरांनी सांगितलेल्या राहिल्या असतील."

माझं लहानपण सांगलीत गेलं, कॅरमच्या बोर्डाभोवती. क्वीन घेतल्यावर कव्हर चुकलं की समोरचा जे बोलायचा त्यातला निम्मा भाग इथे छापता येणार नाही. पण ते त्या चुकलेल्या कव्हरबद्दल असायचं. मला इथे घरच्यासारखं वाटतं आहे.

तेवढ्यात एक ओरखडा उठतो. पेठेतल्या एका बारक्या पोराचं डिफ्यूज अर्ध्या सेकंदाने चुकतं आणि कॉलेजच्या रांगेतून कोणीतरी म्हणतो, "वायडीवाल्याकडून काय होणार? दोन वर्षं झाली, पेपर निघत नाही, स्पाइक कुठून निघणार." वायडी म्हणजे वर्ष वाया गेलेला. हसू अर्ध्यावर येतं आणि तिथेच थांबतं. बारका पडद्याकडे बघत राहतो. त्याचे कान लाल झालेले मला इथून दिसतात. चष्मेवाला, म्हणजे बोलणाऱ्याचाच कप्तान, हेडफोन गळ्यात घेतो आणि म्हणतो, "ए, ते बाहेरचं आहे. ते नको."

बोलणारा एक राउंड काही बोलत नाही. मग उठून काउंटरवर जातो आणि लिंबू सरबताची एक बाटली बारक्यासमोर ठेवतो. बारका तिच्याकडे न बघता म्हणतो, "थंड नाहीये." "फ्रीज बंद आहे." "मग भिकार माफी आहे." आणि हसू पुन्हा सुरू होतं.

एवढं सगळं दीड मिनिटात. ते झालं कारण कान लाल झालेले दिसले. हेडफोनमधून कान लाल झालेले दिसत नाहीत.

कॉलेज तेरा-अकरा जिंकतं. पडद्यावर कोणीतरी `gg ez` टाइप करतं. `gg` म्हणजे चांगला खेळ झाला, सामना संपल्यावरचा हस्तांदोलनासारखा रिवाज. त्याला `ez` जोडलं की अर्थ होतो, फारच सोपं गेलं बुवा. ओव्हरवॉच नावाच्या दुसऱ्या एका खेळाच्या कंपनीने तर २०१६ मध्ये गंमत केली होती. कोणी ही अक्षरं लिहिली की त्याच्या नावावर आपोआप एखादं लाडिक, रडवेलं वाक्य उमटायचं. इथे तशी गरज नाही. टोपीवाला म्हणतो, "तेरा-अकराला सोपं म्हणतोस? मिसळीत तर्री जास्त घालायला सांगतो तुला." खुर्च्या सरकतात. नऊ जण पायऱ्या चढून मिसळ खायला जातात. दहाव्याला घरून फोन आलाय, तो थेट घरी.

तळघर शांत होतं. पावणेआठ.

"आता ये," भाची म्हणते. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर ती तिच्या खात्यात शिरते. मालकाकडून एक पिन घेते जिला दोन फाटे आहेत. एका फाट्यात तिचा हेडफोन, दुसऱ्यात माझा. तिला जे ऐकू येईल ते मलाही येईल. खेळातलं तिचं नाव बघून मी विचारते, "हे काय नाव? मुलाचं वाटतंय." "म्हणूनच ठेवलंय," ती म्हणते. आधीचं नाव तिच्या इन्स्टाग्रामच्या नावाशी जुळायचं. एका मॅचनंतर अर्ध्या तासात तिकडे सहा मेसेज आले होते. दुसऱ्या दिवशी तिने नाव बदललं.

ही रँकवाली मॅच आहे. ओळखीचं कोणी नाही, यंत्रच दहा जणांना एकत्र आणतं. एकत्र येणाऱ्या टोळीबद्दल इथे एक नियम आहे जो मला फार शहाणपणाचा वाटतो : रँकवाल्या मॅचला एकटे या, दोघे या, तिघे या, नाहीतर पुरे पाच या. चौघांना येता येत नाही. चार ओळखीचे आणि एक परका असला की त्या परक्याचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिघांची टोळी मात्र चालते. आज भाचीच्या बाजूला तिघांची टोळी आहे, एक एकटा मुलगा आहे आणि एक ती.

दुसरी गोष्ट ती मला कीबोर्डवर दाखवते. `V` दाबून धरलं की आवाज पाचही जणांना जातो. `U` दाबलं की फक्त आपल्या टोळीला. आणि समोरच्या संघाशी? "बोलताच येत नाही. फक्त टाइप करता येतं." मी पुन्हा विचारते, कारण मला वाटलं होतं की शिव्या येतात त्या शत्रूकडून. "नाही गं मावशी. शत्रूला माझ्या कानात येताच येत नाही. कानात येतात ते आपलेच."

पात्रं निवडायची वेळ. इथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही, निवडलेल्या पात्राच्या नावाने मारतात. भाची 'जेट' घेते, वाऱ्यासारखी पुढे घुसणारी. टोळीतले तिघे रेयना, सोवा, ओमेन. एकटा मुलगा किलजॉय. मॅप असेंट.

पहिले दोन राउंड ती बोलत नाही. टाइप करते. मी कारण विचारते तर म्हणते, "थोडा वेळ तरी नीट खेळून घेते." पण न बोलण्याची किंमत मला तिसऱ्याच राउंडला दिसते. ती एकाला जखमी करून मरते. तो हेवन नावाच्या उंचवट्यावर आहे, त्याची तब्येत जेमतेम दहा उरलीय. हे सांगायला बोलून दीड सेकंद लागतो. टाइप करेपर्यंत सोवा त्याच उंचवट्याखालून जाऊन मरतो. चौथ्या राउंडला ती `V` दाबते. "एक हेवन, एक ट्री. हेवनवाला लो है." भारतातला सर्व्हर, त्यामुळे भाषा हिंदी.

एक सेकंद शांतता. मग रेयना : "लडकी है क्या?"

भाची पुन्हा खेळाचंच बोलते. "ट्रीवाला पीछे गया."

"अरे बोल ना, लडकी है? सेज ले लेती ना. हील करती हमें." सेज हे जखमा भरून देणारं पात्र आहे. भाची माझ्याकडे न बघता म्हणते, "बघ, हे ठरलेलं असतं."

२०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला आठवतो. जेफ्री कुझ्नेकॉफ आणि लिंडसी रोझ या दोन अमेरिकी संशोधकांनी हेलो ३ या खेळात तीच निरुपद्रवी वाक्यं आधीच मुद्रित करून वाजवली होती. कधी पुरुषाच्या आवाजात, कधी बाईच्या, कधी काहीच नाही. बाईच्या आवाजाला वाईटसाईट उत्तरं आली ती सुमारे तिप्पट. वाक्यं तीच होती. तेव्हा मी तो आकडा वाचून पान उलटलं होतं. आज तो माझ्या उजव्या कानात बोलतो आहे.

पाचव्या राउंडला ती दोघांना मारते. मी टोपीवाल्याच्या त्या एका गोळीची वाट बघते. आता बोलणं बदलेल. बदलतं, पण कसं बघा. रेयना म्हणतो, "बॉयफ्रेंड खेल रहा है इसका." सोवा हसतो. सातव्या राउंडला तिघांना मारून ती राउंड काढून देते. "लक है." नेम चुकला तेव्हा 'रोटी बनाने जा', आणि नेम बसला तेव्हा बॉयफ्रेंड, नाहीतर नशीब. मघाशी त्या दोन रांगांत चांगला नेम बसला की टोमणा मरत होता. इथे तो मरतच नाही, फक्त कपडे बदलून येतो. कारण तो नेमाबद्दल नव्हताच.

माझ्या वहीत मी दोन वाक्यं एकाखाली एक लिहिते. 'पाया काय पडतोस' आणि 'रोटी बनाने जा'. पहिल्याला उत्तर देता येतं, डोक्यात गोळी घालून. दुसऱ्याला खेळातून देता येईल असं उत्तरच नाही.

आणि ते `U` बटण. तिघे टोळीचे आहेत. आपापसात बोलायला, भाचीला ऐकू न जाता तिच्यावर हसायला त्यांच्याकडे वेगळं बटण आहे. ते ते दाबत नाहीत. प्रत्येक वेळी `V` दाबतात. नकळत तोंडातून निघून गेलं असं म्हणायची सोय त्या बटणाने ठेवलेली नाही.

किलजॉय, तो एकटा मुलगा, एकदाही बोलत नाही. त्याच्या माइकची खूण मात्र दिसते, म्हणजे माइक आहे.

नववा राउंड. स्कोअर चार-चार. स्पाइक लागलीय, चौघे मेलेत, भाची एकटी, समोर एक. हा क्लच. ती खुर्चीत पुढे सरकते, श्वास रोखते. समोरचा कुठून येतोय ते फक्त कानांनी कळणार. आणि त्याच क्षणी रेयना गायला लागतो. माइक तोंडाजवळ घेऊन, मोठ्याने, भसाड्या आवाजात, तिच्या नावाने एक घाणेरडं गाणं. सोवा ताल धरतो. मी हेडफोन काढून टाकते इतका तो आवाज आहे. भाचीला काढता येत नाही. पावलं त्या आवाजात बुडतात. समोरचा मागून येतो आणि ती मरते. त्याने स्पाइक निकामी केल्याचा आवाजही आम्हाला ऐकू येत नाही, पडद्यावर हार दिसते तेव्हा कळतं.

स्वतःच्या राउंडवर पाणी सोडून तिघांनी हे केलं. हे मला दोनदा मनात म्हणावं लागतं.

त्यानंतर जी शिवी येते ती मी लिहीत नाही. तिच्याबद्दल आहे, तिच्या शरीराबद्दल, आणि शेवटी धमकी आहे, शहराचं नाव घेऊन. मी म्हणते, "बंद कर गं हे." भाची `Esc` दाबते, खेळाडूंची यादी उघडते आणि तिघांच्या नावांपुढची आवाजाची व मजकुराची खूण एकेक करून बंद करते. आठ सेकंद. कान शांत होतात.

पण खेळही शांत होतो. सोवा बाण मारून शत्रू कुठे आहेत ते शोधतो, ते आता तिला बोलून कळणार नाही. ओमेन कधी धूर टाकणार ते कळणार नाही. गप्प केल्यावर ती पाचात खेळत नाही, दीडात खेळते : ती आणि तो मुका किलजॉय. अशा वेळी लोक 'म्यूट कर ना' असा सल्ला देतात. सल्ला खरा आहे. पण किंमत तिनेच मोजायची असते, एवढं त्यात धरलेलं नसतं.

अकराव्या राउंडला ते आणखी एक पाऊल पुढे जातात. आवाज बंद आहे, म्हणून ते `/all` लिहून सगळ्या दहा जणांना दिसेल असा मजकूर टाकतात. तिघांचा मजकूर भाचीने बंद केलाय, म्हणून आम्हाला तो दिसत नाही. आम्हाला दिसतं ते समोरच्या संघातल्या एकाचं उत्तर : "भाई, अपनी ही जेट की लोकेशन क्यों दे रहा है? खेलने दे उसे." आपलेच तिची जागा शत्रूला सांगताहेत आणि शत्रू म्हणतोय, खेळू द्या तिला. पुढच्या राउंडला तोच मुलगा तिला मारतो, नीट, समोरून, आणि लिहितो, "नाइस ट्राय जेट." संध्याकाळभरात तिच्याशी खेळाडूसारखं बोललेला तो एकटा, आणि तो विरुद्ध बाजूचा.

नऊ-तेरा. हरलो. आकड्यांचा तक्ता येतो. भाचीने एकवीस जण मारलेत, संघात पहिली. रेयना पाचवा. मारले सहा, मेला एकोणीस वेळा. कुझ्नेकॉफने २०१५ मध्ये मायकेल कासुमोविक या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकाबरोबर तोच हेलो ३चा अभ्यास पुढे नेला, तेव्हा दिसलं होतं की बाईच्या आवाजावर जास्त तुटून पडतात ते कमी कसबाचे, त्यातही वाईट खेळत असलेले पुरुष. चांगलं खेळणारे उलट सौम्य बोलतात. एका मॅचवरून मी सिद्धांत मांडणार नाही. पण तक्त्याकडे मी जरा जास्तच वेळ बघते, हे कबूल.

मग तक्रार. तक्त्यातल्या नावावर उजवी क्लिक, तक्रारीचा पर्याय, प्रकारांपुढे खुणा : शिवीगाळीचा आवाज, शिवीगाळीचा मजकूर, धमकी, मुद्दाम खेळ बिघडवणं. खाली दोन ओळी लिहायला जागा. भाची राउंडचा नंबर लिहिते. "नुसतं 'शिव्या दिल्या' लिहून काय उपयोग? नववा, अकरावा, असं लिहायचं." तिघांचं तीनदा. दोन मिनिटं. काही दिवसांनी खेळ उघडल्यावर कधीकधी एक चौकट येते की तुम्ही तक्रार केलेल्या कोणावर तरी कारवाई झाली. कोणावर, काय, ते नसतं. बोलण्यावर बंदी, रँकच्या मॅचवर बंदी, फार झालं तर खातं बंद. खेळ फुकट आहे, नवं खातं उघडायला ईमेल पुरतो.

लिहिलेली शिवी पकडणं त्यातल्या त्यात सोपं. आवाजाचं अवघड. खेळ बनवणाऱ्या रायट गेम्सने २०२१ मध्ये नियम बदलून तक्रार तपासण्यासाठी आवाज मुद्रित करण्याची तरतूद केली आणि जुलै २०२२ पासून तो तपासणाऱ्या यंत्रणेला शिकवायला घेतलं, सुरुवातीला उत्तर अमेरिकेत आणि फक्त इंग्रजीत. आज कानात जे आलं ते हिंदी, मध्ये एक पंजाबी शब्द, शेवटची शिवी शुद्ध मराठी. आपल्याकडचाच कोणीतरी होता.

धमकीचं वेगळं. भाची माझ्यासमोर पडद्याचा फोटो काढते, तारीख-वेळ आणि नावं दिसतील असा. आवाज मुद्रित केला नव्हता, त्याची तिला चुटपुट लागते. खेळाबाहेर पाठलाग झाला, इन्स्टावर कोणी आलं, तर तो खेळाचा प्रश्न राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात इंटरनेटवरून पाठलाग करणं हा गुन्हा आहे आणि cybercrime.gov.in वर तक्रार करता येते. पण तिथे पुरावा लागतो, आणि म्यूट केल्यावर पुरावा कानापर्यंत येतच नाही. हा पेच कोणी सोडवलेला माझ्या पाहण्यात नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात एक खूण चमकते. मैत्रीची विनंती, किलजॉयकडून. सोबत एकच शब्द : सॉरी.

मला बरं वाटतं. भाची विनंती नाकारते.

"अगं, त्याने निदान..."

"मावशी, त्याच्याकडेही `V` होतं ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. पंचवीस मिनिटं तो सगळं ऐकत होता. 'भाई, गेम खेल' एवढं म्हणायला दीड सेकंद लागतो, तो मी मघाशीच मोजला होता.

पायऱ्यांवर पावलं वाजतात. मिसळ खाऊन मंडळी परतली आहेत. पेठेतले चौघं, कारण पाचवा तोच ज्याला घरून फोन आला होता. टोपीवाल्याला रँक खेळायचीय आणि आता त्याच्या लक्षात येतं : चौघांना येता येत नाही. तो इकडेतिकडे बघतो. भाचीचा तक्ता अजून पडद्यावर आहे.

"एकवीस मारून हरलीस?" तो विचारतो. "बाकीचे काय झोपले होते?"

"गात होते," भाची म्हणते.

त्याला कळत नाही. पण विचारतो, "पाचवी येतेस? एक कमी पडतोय."

ती मिनिटभर माउस फिरवत राहते. मग त्यांच्या टोळीत शिरते. पुरे पाच, परकं कोणी नाही.

पहिल्या राउंडला ती `V` दाबून म्हणते, "दोन बी मेन." दुसऱ्या राउंडला तिच्या तीन गोळ्या समोरच्याच्या पायात जातात आणि ती मरते. टोपीवाला श्वास न घेता ओरडतो, "आली! आमच्यातलीच निघाली! पडा पाया!"

"तुझ्याकडूनच शिकले, मघापासून बघत होते," ती त्याच्याहून मोठ्याने ओरडते आणि पुढच्या राउंडची बंदूक विकत घेते.

ती मॅच ते सात-तेरा हरतात. रात्री दहाला मालक शटर ओढतो. आमचं बिल तीन तासांचं, एकशे ऐंशी रुपये. माझ्या हेडफोनचे पैसे त्याने लावलेले नाहीत.